बारीक रेषांचा नकाशा मोठा करताना : रेषेची जाडी आणि अक्षरांची वाचनीयता



आपल्या गावाच्या इतिहासावर प्रकल्प लिहू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आज ना उद्या एक नकाशा येतो. बहुधा तो मूळ कागद नसतो. कोणीतरी पूर्वी स्कॅन करून ठेवलेली एक फाईल असते. पडद्यावर ती ठीक दिसते, पण शेताच्या बांधाशेजारचा आकडा वाचावा म्हणून चित्र मोठे करावे, तर रेषांच्या पायऱ्या होतात आणि आकडा ठिपक्यांत विरघळतो. अशी फाईल मोठी करताना रेषेची जाडी आणि अक्षरांचे रूप कसे राखावे, हे या लेखात आपण एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ. उदाहरण लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुक्याच्या परिसरातले, म्हणजे एखाद्या गावाच्या गावनकाशाचे, घेतले आहे. तेच नियम इमारतीच्या, बंधाऱ्याच्या वा यंत्राच्या आराखड्यालाही लागू पडतात.

रेषा पुसट झाली तर काय बदलते?

छायाचित्र मोठे करताना थोडी अस्पष्टता आली तरी चेहरा ओळखू येतो. नकाशाचे तसे नाही. नकाशात रेषेचा प्रकार हाच तिचा अर्थ असतो. गावनकाशावर ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते, तर पायमार्गाची सव्वाआठ फूट. चित्र मोठे करताना दोन तुटक रेषा एकमेकींत मिसळून एक झाल्या, तर कागदावर बैलगाडीची वाट पाऊलवाट होऊन बसते. उलट, सलग काढलेली बारीक हद्दरेषा मध्येमध्ये तुटली, तर नसलेली पाऊलवाट उगवते. वहिवाटीच्या वादात अशी प्रत कोणी पुढे केली, तर काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता.

आता मापांकडे वळू. आपल्याकडील जमीनमोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. समजा, आपला नकाशा एका इंचास वीस साखळ्या या प्रमाणात काढलेला आहे. म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवरचे ६६० फूट दाखवतो. प्रमाण १ : ७९२०. फाईल दर इंची २०० ठिपक्यांनी स्कॅन केलेली आहे. या ठिपक्यांना आपण रूढ शब्दाप्रमाणे पिक्सेल म्हणू. ६६० फुटांना २०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सव्वातीन फुटांहून किंचित अधिक, जवळजवळ एक मीटर. साडेसोळा फुटांचा गाडीमार्ग म्हणजे अर्धी साखळी. तो प्रमाणानुसार काढला असेल, तर त्याच्या दोन रेषांत बरोबर पाच पिक्सेलचे अंतर पडते. शाईची रेषा ०.२ मिलिमीटर जाडीची धरली, तर तिची जाडी सुमारे दीड पिक्सेल होते.

आपल्या सगळ्या अडचणीचे मूळ या ‘दीड’मध्ये आहे.

दीड पिक्सेलची रेषा

पिक्सेल अर्धा करता येत नाही. मग दीड पिक्सेलची रेषा स्कॅनर कशी नोंदवतो? करड्या छटांच्या साहाय्याने. ज्या पिक्सेलवर रेषेने पूर्ण जागा व्यापली तो काळा. ज्याचा पाव भाग व्यापला तो फिकट करडा. कोऱ्या कागदाला ० आणि पूर्ण शाईला १ मानू. रेषा एका पिक्सेलच्या बरोबर मध्यावरून गेली, तर शेजारच्या तीन पिक्सेलांत ०.२५, १ आणि ०.२५ असे आकडे येतात. तीच रेषा दोन पिक्सेलांच्या सीमेवरून गेली, तर ०.७५ आणि ०.७५ असे दोन आकडे येतात. दोन्ही वेळा बेरीज दीडच आहे. रेषेच्या जाडीची खरी नोंद या बेरजेत असते. काळ्या पिक्सेलांची नुसती संख्या मोजून ती सापडत नाही.

पुष्कळ जण इथेच घाई करतात. नकाशा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून ते आधी करड्या छटा काढून टाकतात आणि चित्र निव्वळ काळे-पांढरे करतात. म्हणजे अर्ध्याहून गडद ते काळे, उरलेले पांढरे. वरच्या उदाहरणात हे करून पाहा. पहिल्या ठिकाणी एकच पिक्सेल काळा उरतो, दुसऱ्या ठिकाणी दोन. एकाच लेखणीने ओढलेली एकच रेषा आता कुठे एकपट, कुठे दुप्पट जाड झाली. त्यानंतर चित्र तिप्पट मोठे केले, की तो फरक तीन आणि सहा पिक्सेलांचा होऊन डोळ्यांत भरतो. किंचित तिरकी रेषा तर ठरावीक अंतराने जाड-बारीक होत जाते आणि मण्यांच्या माळेसारखी दिसते.

क्रम उलटा करून पाहू. आधी करड्या छटांसह चित्र तिप्पट करायचे, मग गरज असेल तरच काळे-पांढरे करायचे. मधले पिक्सेल शेजारच्या छटांच्या सरासरीने भरले, तर पहिल्या ठिकाणी रेषा सुमारे चार पिक्सेल जाड येते आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे पाच. खरी जाडी साडेचार. फरक पूर्ण गेला नाही, पण तो दुपटीवरून पंचमांशावर आला. वापरलेला संगणक तोच, स्कॅन तेच. बदलला तो केवळ क्रम.

केशरेषेची गोष्ट याहून कठीण आहे. ०.१ मिलिमीटरची रेषा आपल्या स्कॅनमध्ये जेमतेम ०.८ पिक्सेल भरते. ती पिक्सेलच्या मध्यावरून गेली, तर ०.८ हा एक गडद पिक्सेल मिळतो. सीमेवरून गेली, तर ०.४ आणि ०.४ असे दोन फिकट पिक्सेल मिळतात आणि अर्ध्याच्या कसोटीवर दोन्ही पांढरे ठरतात. तिरकी केशरेषा आळीपाळीने या दोन्ही अवस्थांतून जाते, म्हणून ती काही अंतर दिसते आणि काही अंतर नाहीशी होते. वर म्हटलेली नसलेली पाऊलवाट उगवते ती अशी. हे तुटकपण ओळखण्याची खूण अशी की, तुकड्यांची लांबी रेषेच्या तिरपेपणाबरोबर बदलते. आडव्याउभ्या रेषेजवळ जाणारे तुकडे लांब, जास्त तिरपे तुकडे आखूड. माणसाने हाताने काढलेल्या तुटक रेषेतले तुकडे दिशा बदलली तरी साधारण सारखेच राहतात.

कसोटी कुठे लावायची?

चित्र काळे-पांढरे करताना ज्या छटेपाशी आपण काळे-पांढरे वेगळे करतो, तिला उंबरठा म्हणतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा उंबरठा आपोआप ५० टक्क्यांवर उभा असतो आणि ते बिनचूक असावे असे वाटते. तसे ते नाही. स्कॅनर जी संख्या नोंदवतो, ती परावर्तित प्रकाशाच्या समप्रमाणात वाढत नाही. गडद छटांना अधिक जागा मिळावी अशा रीतीने ती वाकवलेली असते. पिवळसर झालेला कागद पडद्यावर ९० टक्क्यांच्या आसपास आणि शाई ३५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर निम्म्या शाईने भरलेला पिक्सेल साधारण ७० टक्क्यांवर येतो. म्हणून ५० चा उंबरठा ठेवला, की सगळ्या रेषा खऱ्याहून बारीक होतात आणि केशरेषा आधी जातात. बारीक रेषा ‘स्कॅनमध्येच आल्या नाहीत’ अशी तक्रार जिथे केली जाते, तिथे कित्येकदा त्या आलेल्या असतात. उंबरठ्याने त्या बाहेर ठेवलेल्या असतात.

मग उंबरठा ८० वर नेला तर? केशरेषा वाचतील, पण त्याची किंमत द्यावी लागेल. तिप्पट केलेल्या आपल्या चित्रात केशरेषेची खरी जाडी सुमारे अडीच पिक्सेल आणि जाड रेषेची साडेचार; म्हणजे जाड रेषा जवळजवळ दुप्पट. उंबरठा कागदाच्या छटेजवळ नेला, की केशरेषा चार पिक्सेलांची होते आणि जाड रेषा सहांची. दोन्हींत जवळपास सारखीच भर पडली, पण त्यांचे गुणोत्तर दोनवरून दीडवर उतरले. नकाशा वाचणाऱ्याचा डोळा जाडी मोजत नाही, दोन जाड्यांतला फरक टिपतो; तोच येथे पुसट होतो. शिवाय ४, ९ यांच्या पोटातली पांढरी जागा भरून येते.

यावर माझे मत स्पष्ट आहे. वाचण्यासाठी नकाशा मोठा करायचा असेल, तर त्याला काळा-पांढरा करूच नये. करड्या छटांतली मोठी प्रत डोळ्याला थोडी मऊ दिसते, पण तिच्यात ०.४ ची केशरेषासुद्धा फिकट का होईना, सलग असते. काळी-पांढरी प्रत लागते ती रेषांचे संगणकीय आरेखन करायचे असेल तेव्हा. आणि तेव्हाही करडी प्रत शेजारी ठेवूनच काम करावे.

‘इमेजमॅजिक’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही दोन कामे दोन आज्ञांनी होतात :

```
magick gav.tif -colorspace Gray -filter Mitchell -resize 300% -units PixelsPerInch -density 600 gav-3x.tif
magick gav-3x.tif -threshold 70% gav-3x-bw.tif
```

पहिल्या आज्ञेत `Mitchell` हे मधले पिक्सेल भरण्याच्या एका रीतीचे नाव आहे. तिच्याऐवजी `Lanczos` वापरल्यास रेषा अधिक धारदार दिसतात, परंतु प्रत्येक गडद रेषेच्या दोन्ही बाजूंना कागदाहूनही पांढरी अशी कड उमटते. एकट्या रेषेला ती शोभते. गाडीमार्गाच्या दोन रेषांमध्ये मात्र या कडा एकमेकींत मिसळतात आणि आतली छटा खोटी होते. सर्वांत साधी रीत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची नुसती पुनरावृत्ती, येथे टाळावी. पायऱ्या पडतात त्या तिच्यामुळेच. नकाशा वाकडा स्कॅन झाला असेल, तर तो मोठा केल्यानंतर सरळ करावा. लहान असताना फिरवला, तर दीड पिक्सेलची रेषा पुन्हा एकदा शेजाऱ्यांत वाटली जाते.

दुसऱ्या आज्ञेतील ७० हा आकडा सर्वत्र चालणारा नाही. नकाशाच्या चौकटीची वा प्रमाणपट्टीची जाडी मूळ कागदावर मोजता आली, तर तीच जाडी प्रतीत येईपर्यंत हा आकडा थोडा मागेपुढे करावा. घडीवर मळलेला कागद एका बाजूला गडद असेल, तर एकच उंबरठा दोन्ही बाजूंना पुरणार नाही. नकाशाचे तुकडे करून प्रत्येकासाठी वेगळा शोधावा लागेल.

अक्षरे, नुक्ते आणि धूळ

मराठवाड्यातील कागदांच्या बाबतीत अक्षरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर हे भाग तेव्हा बिदर जिल्ह्यात होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठवाड्याच्या जिल्ह्यांत आले. संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. त्यामुळे या भागातील जुन्या कागदांवर उर्दू लेखन भेटणे हे नवलाचे नाही. उर्दूत बे, ते, से ही अक्षरे शब्दाच्या आत एकाच दातऱ्याने लिहितात. त्यांतला फरक नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांच्या संख्येचा आणि जागेचा. गावाच्या नावातला एक नुक्ता गेला, तर नावच दुसरे होते. देवनागरीत हीच गत अनुस्वाराची आणि दशांशचिन्हाची.

स्कॅन स्वच्छ करण्याच्या सोयींमध्ये धुळीचे कण काढण्याची एक सोय असते. ती ठरावीक आकाराहून लहान असा प्रत्येक सुटा ठिपका पुसते. ०.४ मिलिमीटरचा नुक्ता आपल्या स्कॅनमध्ये तीन पिक्सेल रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम सात पिक्सेलांचा. ‘दहा पिक्सेलांहून लहान ते पुसा’ अशी सूचना दिली, तर धुळीबरोबर सर्व नुक्ते, अनुस्वार आणि दशांशबिंदू निघून जातात आणि नकाशा फार स्वच्छ दिसू लागतो. हे स्वच्छपण फसवे असते. धूळ काढायचीच असेल, तर ती मोठ्या केलेल्या प्रतीत, अक्षरांपासून दूरच्या कोऱ्या जागेत, हाताने काढावी. वेळ लागतो, दुसरा उपाय नाही.

फाईल जतन करतानाही काळजी घ्यावी लागते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या इमारतीच्या आराखड्यात आकडेच बदलत होते. तीन खोल्यांची क्षेत्रफळे मूळ आराखड्यावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आले. कारण फाईल लहान करण्याच्या पद्धतीत होते. ती पद्धत सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांच्या जागी एकच नमुना पुन्हा पुन्हा वापरते. आकडा पुसट झाला असता, तर वाचणारा थबकला असता. येथे आकडा ठळक आणि स्वच्छ होता, पण चुकीचा. म्हणून मूळ व मोठी केलेली, दोन्ही प्रती टिफ किंवा पीएनजी या प्रकारांत, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने ठेवाव्यात. जेपीजी प्रकारात बारीक रेषांभोवती आणि अक्षरांभोवती डागांची जाळी उमटते आणि मोठे करताना तीही मोठी होते.

हाच धोका अलीकडच्या ‘शिकवलेल्या’ वर्धन-सॉफ्टवेअरमध्ये अधिक आहे. हजारो चित्रे दाखवून तयार केलेली ही सॉफ्टवेअरे अस्पष्ट जागी काय असावे याचा अंदाज करतात आणि तो धारदार रेषांनी भरतात. चित्रकथेच्या पानाला हे चालते. गावनकाशात मात्र ती तुटक रेषा जोडून टाकतात आणि १ व ९ मधला संशय स्वतःच मिटवतात. नकाशा वाचताना संशय शिल्लक राहणे अधिक उपयोगी आहे.

पडताळणी

मोठी प्रत तयार झाली, की ती पुन्हा एकतृतीयांश लहान करून मूळ स्कॅनवर ठेवून पाहावी. दोन्हींतला फरक सर्वत्र सारखा पुसट असेल, तर ठीक. फरकात एखादी रेषा किंवा ठिपका स्वतंत्रपणे दिसला, तर तो वाटेत हरवला किंवा वाढला आहे. त्यानंतर एकाच प्रकारची रेषा आडवी, उभी आणि तिरकी अशा तीन ठिकाणी मोजावी.

आकड्यांसाठी गावाचा आकारबंद हाताशी घ्यावा. त्यात प्रत्येक सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि त्याचे क्षेत्र क्रमाने लिहिलेले असते. नकाशावर वाचलेला प्रत्येक क्रमांक त्यात असला पाहिजे आणि त्यातला प्रत्येक नकाशावर सापडला पाहिजे. समजा, एका शेतात ११ की १९ हे कळत नाही आणि १९ दुसरीकडे स्पष्ट वाचता येतो. तर उत्तर मिळाले. पण हे उत्तर आकारबंदाने दिले आहे, चित्राने नव्हे. म्हणून ते तुमच्या टिपणवहीत तसेच नोंदवा आणि चित्रातला आकडा गिरवू नका.

एक गोष्ट मोठ्या प्रतीच्या छपाईसंबंधी. पिक्सेल तिप्पट करून कागद तेवढाच ठेवला, तर प्रमाण बदलत नाही. कागदही तिप्पट केला, तर ०.२ मिलिमीटरची रेषा ०.६ होते आणि ‘एका इंचास वीस साखळ्या’ हे नकाशावरचे वाक्य खोटे ठरते. आता एक इंच ६६० नव्हे, २२० फूट दाखवतो. अशा वेळी काढलेली प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबर वाढते आणि खरी राहते. ती कापू नये. यंत्र-आराखड्यांत या अडचणीचा विचार आधीच केलेला आढळतो. तेथील प्रमाणित जाड्या ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशा, प्रत्येक मागचीच्या सुमारे १.४ पट आहेत. ए-४ आराखडा ए-३ वर नेला, की तो तेवढ्याच पटीने वाढतो आणि ०.२५ ची रेषा आपोआप ०.३५ होते. आपल्या गावनकाशाला असे कोणतेही शिस्तबद्ध कोष्टक लाभलेले नाही.

शेवटी मर्यादेचा प्रश्न. हाच गाडीमार्ग एका इंचास चाळीस साखळ्या या प्रमाणाच्या नकाशावर असता, तर २०० च्या स्कॅनमध्ये त्याच्या दोन रेषांत अडीच पिक्सेलांचे अंतर आले असते. त्यांतले दीड रेषेनेच व्यापले. मधे उरला एक पिक्सेल. तो पांढरा पिक्सेल दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडला, तर दोन्ही निम्मे करडे होतात आणि मार्ग एका जाड पट्ट्यासारखा दिसतो. येथे कोणत्याही रीतीने, कितीही पट वाढवले तरी दोन रेषा परत मिळत नाहीत. मूळ कागद उपलब्ध असेल, तर तो दर इंची ६०० पिक्सेलांनी, रंगीत किंवा करड्या छटांत, पुन्हा स्कॅन करून घ्यावा. मग रेषांतले अंतर साडेसात पिक्सेल होते, रेषा जवळपास पावणेपाच आणि मधे पावणेतीन पिक्सेल मोकळे उरतात. मूळ कागद नसेल, तर त्या जागी ‘मार्ग, एकेरी की दुहेरी, स्पष्ट नाही’ अशी नोंद करावी.

स्वाध्याय : तुमच्या गावाच्या किंवा जवळच्या गावाच्या स्कॅन केलेल्या नकाशाचे प्रमाण आणि दर इंची पिक्सेल शोधा. एक पिक्सेल जमिनीवर किती फूट भरतो ते काढा. त्यानंतर सव्वाआठ फुटांचा पायमार्ग त्या फाईलीत किती पिक्सेलांचा होतो ते सांगा आणि ही फाईल मोठी करून भागेल की कागद पुन्हा स्कॅन करावा लागेल, हे कारणासह लिहा.